कीटकनाशकाची विषबाधा: पहिल्या तासातली पावलं, उतारे आणि जपून ठेवायचा पुरावा

'तीव्र विषबाधेच्या रुग्णाचं व्यवस्थापन लिहा' असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिका जठर धुण्यापासून सुरू होतात. नळीची लांबी, खुणेचं अंतर, वापरायचं द्रावण हे सगळं त्यात बरोबर असतं. पण श्वासमार्गाचा उल्लेख तिसऱ्या पानावर कुठेतरी येतो. वॉर्डातही हाच क्रम पाळला गेला तर रुग्ण नळी घालतानाच उलटी फुप्फुसात ओढून घेतो आणि विषाने नव्हे, त्या उलटीने दगावतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. आधी काय, नंतर काय, आणि का.

सगळी विषं एका लेखात घेण्यापेक्षा मी एकच गट घेतो: ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस ही त्यातली आपल्याकडच्या शेतांत ओळखीची नावं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिप केली तर हा रुग्ण भेटतोच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा हे विष प्यायलंच पाहिजे असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही ते आत जातं, हे साऱ्या राज्याने पाहिलं. या एका विषात श्वासमार्ग, शुद्धीकरण, उतारा, उताऱ्याचा अतिरेक आणि कायदा असं परीक्षेला लागणारं जवळपास सगळं येतं.

शरीरात काय बिघडतं

ॲसिटिलकोलीन हे रसायन चेतासंधीत काम करून झालं की ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर त्याला तोडतं. ऑर्गनोफॉस्फेट नेमकं याच विकराला चिकटतं. ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि ते जिथे जिथे काम करतं तिथे अतिरेक होतो.

मस्करिनिक टोकाला सगळं वाहतं: लाळ, अश्रू, घाम, उलटी, जुलाब, लघवी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, श्वासनलिका आवळतात आणि फुप्फुसात स्राव भरतो. निकोटिनिक टोकाला स्नायू फडफडतात आणि मग गळून जातात. मेंदूत बेचैनी, झटके, बेशुद्धी आणि श्वसनकेंद्र बंद पडणं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सुरुवातीला माणूस मरतो तो श्वासाने: फुप्फुसातला स्राव, थकलेले स्नायू आणि मंदावलेलं श्वसनकेंद्र या तिन्हींनी मिळून. पुढची प्रत्येक कृती या वाक्यातून निघते.

निकोटिनिक परिणाम जोरात असला तर नाडी जलद आणि बाहुल्या मोठ्याही सापडू शकतात. 'बाहुल्या लहान नाहीत, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट नाही' असं ठरवून मोकळं होऊ नका. कपड्यांना येणारा रॉकेलसारखा किंवा लसणासारखा उग्र वास, ओली काख आणि फडफडणारे स्नायू हे तीन एकत्र दिसले की निदानासाठी प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही.

रुग्ण दारात आला

एक काल्पनिक रुग्ण धरू. ३२ वर्षांचा शेतमजूर, वजन ५५ किलो. दीड तासापूर्वी फवारणीचं औषध प्यायला आहे, नातेवाइकांनी बाटली सोबत आणली आहे, लेबलवर मोनोक्रोटोफॉस. वाटेत दोनदा उलटी झाली, शर्ट भिजला आहे. हाक मारली की डोळे उघडतो, असंबद्ध बोलतो. नाडी ५२, रक्तदाब ८४/५०, ऑक्सिजन ८२ टक्के, दोन्ही फुप्फुसांत सगळीकडे क्रेप्स, तोंडातून फेस.

पहिलं काम: त्याला डाव्या कुशीवर, डोकं थोडं खाली करून वळवा, तोंड-घसा सक्शनने साफ करा, जास्त प्रवाहाने ऑक्सिजन लावा. दुसरा माणूस त्याच वेळी शिरेत सुई घालतो आणि सलाईन सुरू करतो. रक्तातली साखर लगेच बघा, बेशुद्ध रुग्णात हे विसरू नये. शुद्ध आणखी हरपत असेल, श्वास उथळ होत असेल तर श्वासनलिकेत नळी टाकायची तयारी ठेवा. त्यासाठी सक्सिनिलकोलीन शक्यतो टाळावं. त्याला तोडणारं विकरही याच विषाने बंद पडलेलं असतं, त्यामुळे त्याचा परिणाम काही मिनिटांऐवजी कितीतरी लांबतो. रोक्युरोनियम बरं.

झटके आले तर डायझेपाम १० मिलिग्रॅम सावकाश शिरेतून.

या फेसाला आणि क्रेप्सला हृदयविकाराचा फुप्फुसशोथ समजून फ्युरोसेमाइड देण्याचा मोह होतो. तो आवरा. हा स्राव ग्रंथींचा आहे, त्यावर औषध एकच.

ॲट्रोपीन: किती, कुठवर

आपल्याकडची नेहमीची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची, म्हणून हिशेब अँप्यूलमध्ये करायची सवय लावा. मोठ्या माणसाला पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल, थेट शिरेतून. लहान मुलाला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. मग पाच मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सुधारणा नसेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. सुधारणा सुरू झाली की दुप्पट करणं थांबवायचं आणि गरजेप्रमाणे तेवढाच किंवा कमी डोस द्यायचा.

कुठवर? पाच गोष्टी बघा: फुप्फुसं साफ, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काख कोरडी, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकासारख्या राहिलेल्या नाहीत. यात पहिली सगळ्यात मोलाची आणि शेवटची सगळ्यात कमी भरवशाची, कारण बाहुल्या उशिरा मोठ्या होतात. डोळ्यांत विष उडालेलं असेल तर आणखी उशिरा. 'बाहुल्या पूर्ण पसरेपर्यंत ॲट्रोपीन' असं जुन्या नोट्समध्ये सापडतं. तसं वागलं तर रुग्ण ॲट्रोपीनच्याच विषबाधेत जातो.

आपल्या रुग्णाला ३ अँप्यूल दिल्या. पाच मिनिटांनी नाडी ६०, क्रेप्स तसेच. ६ अँप्यूल दिल्या. नाडी ७४, फेस कमी, पण फुप्फुसं अजून ओली आणि काख घामेजलेली. १२ अँप्यूल दिल्या. पाच मिनिटांनी नाडी १०४, रक्तदाब १०८/७०, काख कोरडी, फुप्फुसं साफ. एकूण २१ अँप्यूल, म्हणजे १२.६ मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांत. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात इथे थरथरतो, कारण शस्त्रक्रियेआधी आपण एकच अँप्यूल देतो. पण या विषात हा आकडा असाधारण नाही.

आता हा परिणाम टिकवायचा. एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला सतत थेंबाथेंबाने चालू ठेवायचे. १० टक्के धरले तर ताशी साधारण १.२६ मिलिग्रॅम. २० अँप्यूल, म्हणजे १२ मिलिग्रॅम, सलाईनमध्ये मिसळून एकूण १२० मिलिलिटर केलं की प्रत्येक मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम येतं. पंप ताशी १२.६ मिलिलिटरवर लावायचा.

दोन शंका नेहमी येतात. नाडी आधीच जलद असेल तर ॲट्रोपीन द्यावं का? द्यावं. ती नाडी ऑक्सिजनच्या कमतरतेने, पाणी कमी झाल्याने किंवा निकोटिनिक परिणामाने वाढलेली असू शकते. ओली फुप्फुसं दिसत असताना नाडीकडे बघून हात आखडता घेऊ नये. आणि ऑक्सिजन लागेपर्यंत ॲट्रोपीन थांबवावं का? थांबवू नये. ऑक्सिजन हवाच, पण सिलिंडर येईपर्यंत रुग्ण स्वतःच्या स्रावात बुडत असतो.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? रुग्ण बरळायला, अंथरूण ओढायला लागतो, अंग तापतं, आणि स्टेथोस्कोप पोटावर ठेवला तर आतड्याचा आवाज नसतो. मूत्राशयही फुगलेलं सापडतं. अशा वेळी थेंब बंद करा, दर अर्ध्या तासाने बघा, आणि लक्षणं ओसरली की आधीच्या वेगाच्या ७० ते ८० टक्क्यांवर पुन्हा सुरू करा. उलट थेंब चालू असताना काख पुन्हा ओली झाली, फुप्फुसात शिट्टी वाजू लागली तर पुन्हा बोलस द्या आणि वेग वाढवा. पहिल्या रात्री हे चढउतार होतातच, म्हणून निरीक्षणाचा तक्ता उशाशी हवा.

आणखी एक बारकावा. बाकी चारही खुणा जमल्या, पण उजव्या फुप्फुसाच्या तळाशीच क्रेप्स राहिले, तर ती बहुधा ओढली गेलेली उलटी आहे. त्यामागे ॲट्रोपीन वाढवत नेऊ नका.

शुद्धीकरण: आधी कपडे, मग जठर

ॲट्रोपीन चालू असताना दुसऱ्या माणसाने कपडे काढायचे, नंतर नव्हे. भिजलेला शर्ट अंगावर असेपर्यंत विष आत जातच असतं. सगळे कपडे, चपला, करदोटा, गंडे-दोरे काढा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, कानांच्या मागे, काखा, जांघा आणि नखांखाली हमखास राहून जातं. कातडी खरवडू नका, ओरखड्यांतून शोषण वाढतं. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी किंवा सलाईन. धुणाऱ्याने ॲप्रन आणि नायट्राइलचे हातमोजे घालावेत. लेटेक्सच्या पातळ मोज्यांतून ही द्रव्यं आरपार जातात. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. फवारणी करताना आजारी पडलेल्या मजुरात हेच मुख्य शुद्धीकरण. त्याचं जठर धुण्याचं कारणच नाही.

आता जठर. धुण्याचा उपयोग मुख्यतः पहिल्या तासात, फार तर दोन. रुग्ण स्थिर झालेला हवा आणि त्याचा श्वासमार्ग सुरक्षित हवा: एकतर तो पूर्ण शुद्धीवर असून संमती देतोय, किंवा श्वासनलिकेत फुगा असलेली नळी आहे. हात-पाय बांधून, जबरदस्तीने नळी घालणं हा उपचार नाही. आपला रुग्ण दीड तासाने आला, दोनदा उलटी झाली, शुद्ध धड नाही. श्वासनलिकेत नळी नसेल तर त्याचं जठर मी धुणार नाही. नळी टाकावी लागलीच, तर मग एकदा धुणं योग्य ठरेल.

परीक्षेला कृती विचारतात ती अशी लिहा. डावी कूस, डोकं खाली. जठराची रबरी नळी, एवाल्ड किंवा बोआस, साधारण दीड मीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, मोठ्या माणसाला ३६ ते ४० फ्रेंच. टोकापासून ५० सेंटिमीटरवरची खूण दातांशी आली की टोक जठरात पोचलं असं धरायचं. खात्री मात्र करायची: हवा सोडून पोटावर आवाज ऐका, आधी आतलं ओढून बघा. एका वेळी २०० ते ३०० मिलिलिटर कोमट पाणी किंवा सलाईन सोडा आणि तेवढंच परत काढा. जास्त सोडलं तर ते पुढे आतड्यात ढकललं जातं. पहिलं बाहेर आलेलं पाणी रासायनिक तपासणीसाठी वेगळं ठेवा. परतीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं आलं की थांबा.

निषेध लिहिताना कारणासकट लिहा, गुण तिथेच मिळतात. तीव्र आम्ल-अल्कलीत जठर फाटतं. कार्बोलिक आम्ल हा त्याला अपवाद, कारण त्यात जठराचं अस्तर कडक होतं. रॉकेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. कुचल्याच्या विषात नळीच्या स्पर्शानेच झटका येतो.

सक्रिय कोळसा किलोमागे १ ग्रॅम, मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, पाण्यात कालवून, तोही लवकर आणि श्वासमार्ग सुरक्षित असताना. लोह, लिथियम, अल्कोहोल, आम्ल-अल्कली यांना तो धरून ठेवत नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढणं घरीही नको आणि रुग्णालयातही नको. 'युनिव्हर्सल अँटिडोट' म्हणजे कोळसा दोन भाग, मॅग्नेशियम ऑक्साइड एक भाग, टॅनिक आम्ल एक भाग. परीक्षेत विचारला तर घटक लिहा आणि आता वापरत नाहीत हेही लिहा.

पॅम कधी, किती

प्रॅलिडॉक्साइम, वॉर्डातल्या भाषेत पॅम, विकराला चिकटलेलं विष सोडवतं. ॲट्रोपीन फक्त मस्करिनिक परिणाम झाकतं. स्नायूंच्या अशक्तपणावर ते काही करत नाही. ती जागा पॅमची. पण त्याला वेळेची मर्यादा आहे. विष आणि विकर यांचा जोड काळाप्रमाणे पक्का होत जातो, आणि मग पॅम तो सोडवू शकत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल गटात निम्मं विकर साधारण चार तासांतच असं कायमचं अडकतं. क्लोरपायरीफॉससारख्या डायइथाइल गटात त्याला ३३ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे बाटलीवरचं नाव वाचणं हा उपचाराचा भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला डोस: किलोमागे ३० मिलिग्रॅम, अर्ध्या तासात सावकाश, नंतर किलोमागे ताशी ८ मिलिग्रॅम. आपल्या ५५ किलोच्या रुग्णाला १६५० मिलिग्रॅम, आणि पुढे ताशी ४४० मिलिग्रॅम. भसकन दिलं तर हृदय थांबू शकतं, घसा आवळतो, स्नायू ताठरतात. ॲट्रोपीन सुरू नसताना पॅम देऊ नये.

पुरावा मात्र एकमुखी नाही, आणि हे उत्तरात एका ओळीत लिहावं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, बारामतीतल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात सतत थेंबाने दिलेल्या मोठ्या डोसचा फायदा दिसला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतल्या अभ्यासात तो दिसला नाही. बारामतीत रुग्ण लवकर पोचत होते, हे फरकाचं एक कारण मानलं जातं. माझं मत: लवकर आलेल्या, स्नायू फडफडणाऱ्या रुग्णाला द्या, पण त्याच्या भरवशावर ॲट्रोपीन आणि व्हेंटिलेटरकडे दुर्लक्ष करू नका. कार्बामेट गटात विकर एक-दोन दिवसांत आपोआप मोकळं होतं, तिथे पॅमची सहसा गरज नसते.

बाकीचे उतारे, कामाच्या पद्धतीने

यादी पाठ करण्यापेक्षा उतारा कुठे अडवतो ते धरा. नॅलोक्सोन अफूच्या गटाला रिसेप्टरवरून हटवतं, ०.४ मिलिग्रॅमपासून सुरू करून श्वास सुधारेपर्यंत. मिथेनॉलमध्ये फोमेपिझोल किंवा इथेनॉल विकर अडवतं, म्हणजे फॉर्मिक आम्ल तयारच होत नाही. पॅरासिटामॉलमध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन यकृतातला ग्लुटाथायोनचा साठा भरून काढतं: किलोमागे १५० मिलिग्रॅम एका तासात, ५० पुढच्या चार तासांत, १०० पुढच्या सोळा तासांत. सायनाइडला हायड्रॉक्सोकोबालामिन थेट पकडतं. आर्सेनिक आणि शिशाला बाल व डीएमएसए, लोहाला डेस्फेरिऑक्सामीन बांधून बाहेर काढतात. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणि पॅराक्वाट यांना उतारा नाही. ते स्पष्ट लिहा आणि आधाराचे उपचार लिहा. पॅराक्वाटमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन फुप्फुसाची हानी वाढवतो.

दुसऱ्या दिवशी मान उचलून बघा

२४ ते ९६ तासांच्या दरम्यान, स्राव थांबलेले, बाहुल्या नॉर्मल, रुग्ण नातेवाइकांशी बोलतोय, आणि अचानक श्वास थांबतो. हा इंटरमीडिएट सिंड्रोम. मान, खांदे-मांड्या, चेहरा आणि श्वासाचे स्नायू गळतात. ॲट्रोपीन वाढवून उपयोग होत नाही; व्हेंटिलेटर लागतो, बरेचदा एक ते तीन आठवडे, आणि रुग्ण बरा होतो. तो पकडायची तपासणी साधी आहे: दर चार-सहा तासांनी 'उशीवरून डोकं वर उचला' म्हणा, आणि एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. काल डोकं उचलत होता, आज उचलता येत नाही, म्हणजे त्याला अतिदक्षता विभागात हलवायची वेळ झाली. ऑक्सिजनचा आकडा पडायची वाट बघू नका, तो सगळ्यात शेवटी पडतो.

कागद आणि नमुने

एमएलसी नोंदवा. सरकारी डॉक्टरने विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची माहिती पोलिसांना द्यायची. खासगी डॉक्टरवर खुनाच्या संशयात ती कायद्याने बंधनकारक आहे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ खाली, पूर्वीचं कलम ३९. जाणूनबुजून पुरावा नाहीसा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं. हे लिहायला विद्यार्थी विसरतात.

जपायचं काय: जठराचं पहिलं पाणी, उलटी, कपडे, बाटली आणि रक्त. कोलिनेस्टरेजसाठीचं रक्त पॅम देण्याआधी घ्या. कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्रत्येक वस्तूवर लेबल आणि सील लावा, आणि पोलिसांच्या हाती देताना पोच घ्या. रुग्ण दगावला तर मृत्यूचं प्रमाणपत्र न देता शवविच्छेदनासाठी पाठवा. व्हिसेरात जठर आतल्या पदार्थांसह, ३० सेंटिमीटर लहान आतडं त्यातल्या पदार्थांसह, ५०० ग्रॅम यकृत, प्रत्येक मूत्रपिंडाचा अर्धा भाग, रक्त आणि लघवी. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात, फॉर्मॅलिनमध्ये कधीच नाही. ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात.

मृत्युपूर्व जबाबाची वेळ आली तर रुग्ण शुद्धीवर आहे की नाही हे डॉक्टरने ठरवायचं असतं. ॲट्रोपीनच्या अतिरेकात बरळणारा रुग्ण डोळे उघडे ठेवून बोलत असतो, तरी तो जबाब द्यायला समर्थ नसतो. आधी अंगाचं तापमान, आतड्याचे आवाज आणि भान तपासून मगच प्रमाणपत्रावर सही करा.

घरी सोडताना

आपला रुग्ण सुधारून घरी जातोय असं धरू. सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट आणि घरातली औषधाची बाटली कुठे ठेवली आहे याची चौकशी झालेली हवी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि घरच्यांच्या हातात द्या. दोन-तीन आठवड्यांनी तपासणीला बोलवा, कारण काही ऑर्गनोफॉस्फेटमध्ये त्या सुमाराला उशिराचा चेताविकार होतो. पोटऱ्यांत पेटके येतात, पावलं जड होतात, चालताना चप्पल पायातून निसटते. त्याला उतारा नाही, फिजिओथेरपी लवकर सुरू करावी लागते, म्हणून ही लक्षणं डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या. फवारणीचं काम किती दिवस नको, हे कोलिनेस्टरेज पुन्हा तपासून सांगायचं.